मधल्या सुट्टीनंतरचा गणिताचा तास आणि मुलांचं लक्ष

प्रश्न : मी नाशिकमध्ये सहावीला गणित शिकवते. दुपारचं सत्र, वर्गात ५८ मुलं, मधल्या सुट्टीनंतरचा ३५ मिनिटांचा तास. पहिली काही मिनिटं बरी जातात, मग वर्ग हातातून सुटतो. दहा मिनिटांपलीकडे मुलांचं लक्ष टिकतच नाही, असं सगळे म्हणतात. बी.एड.ला अवधानाचे प्रकार पाठ केले होते, पण ते इथं वापरायचे कसे? लक्ष का जातं हे कसं ओळखायचं आणि तास शेवटपर्यंत कसा धरून ठेवायचा?

उत्तर :

दहा मिनिटांचा आकडा आधी डोक्यातून काढून टाका. विल्सन आणि कॉर्न या दोन अभ्यासकांनी २००७ साली या समजुतीमागचे पुरावे तपासले आणि ते फारच तकलादू निघाले. २०१० साली अमेरिकेत बन्स, फ्लेन्स आणि नाइल्स यांनी रसायनशास्त्राच्या तासाला विद्यार्थ्यांच्या हातात बटणं दिली आणि लक्ष उडालं की दाबायला सांगितलं. लक्ष पहिल्या मिनिटातही उडत होतं, पुढंही अधूनमधून उडत होतं, पण बहुतेक वेळा मिनिटभरात परत येत होतं. तासाच्या शेवटाकडे या खेपा वाढत गेल्या. प्रात्यक्षिक दाखवताना किंवा प्रश्न सोडवायला दिल्यावर त्या कमी झाल्या, आणि विशेष म्हणजे त्यानंतर लगेच जे व्याख्यान झालं, त्यातही कमीच राहिल्या. ती महाविद्यालयातली मुलं होती, त्यामुळे तिथली मिनिटं सहावीच्या वर्गाला लावता येणार नाहीत. पण लक्ष येत-जात असतं, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच. म्हणून ते कुठं जातं आणि परत यायला त्याला कुठं वाट मिळते, एवढं बघायचं.

आता प्रकारांकडे येऊ. बी.एड.च्या पुस्तकात अनैच्छिक, ऐच्छिक आणि सवयीचं अशी विभागणी असते. अनैच्छिक म्हणजे दारात कुत्रं आलं की सगळ्या माना तिकडे वळतात ते. ऐच्छिक म्हणजे मुलानं स्वतःला जोर लावून उदाहरणावर ठेवलेलं. तिसरं, ज्याला जोर लावावा लागत नाही असं, आवडीनं किंवा सरावानं आपसूक लागलेलं. वर्गात यांचा एकमेकांशी व्यवहार चालू असतो. ऐच्छिक लक्ष खर्चिक असतं, मुलं ते थोडा वेळच देतात. तेवढ्या वेळात उदाहरणाची गोडी लागली, पुढं काय होतं ही उत्सुकता जागी झाली, तर ते तिसऱ्या प्रकारात जातं आणि मग तुम्हाला ओढावं लागत नाही. टाळी वाजवून, छडी आपटून तुम्ही पहिल्या प्रकारचं लक्ष मिळवता. ते क्षणभर टिकतं. त्या क्षणात मुलाच्या हाती काही काम पडलं नाही, तर टाळी वाया गेली. आणि चौथ्यांदा वाजवलेल्या टाळीकडे कुणी वळूनही बघत नाही.

याशिवाय एक वेगळी विभागणी वर्गात जास्त उपयोगी पडते : अनेक गोष्टींतून एक निवडणं, ती धरून ठेवणं, दोन कामांत वाटून देणं आणि एका कामावरून दुसऱ्यावर वळवणं. वर्ग हातातून सुटतो तेव्हा यांतलं नेमकं काय मोडलं, हे विचारायचं. उपाय त्यावर ठरतो.

एक पाठ तपशिलात सांगते. मी बरीच वर्षं छात्राध्यापकांचे पाठ शेवटच्या बाकावर बसून बघत आले आहे. हा पाठ शहराच्या कडेला असलेल्या एका शाळेतला, सहावीचा, विषय नफा-तोटा. वेळ तुमचीच, मधल्या सुट्टीनंतरची. बघायची माझी पद्धत साधी आहे. वर्गाच्या वेगवेगळ्या भागांतली सहा मुलं निवडायची आणि दर दोन मिनिटांनी त्या सहाजणांकडे एकेक नजर टाकून कागदावर खूण करायची : काम करतोय, नुसता बघतोय, की दुसरीकडेच आहे. ‘नुसता बघतोय’ हा रकाना महत्त्वाचा, कारण फळ्याकडे डोळे लावून मन खुशाल गोदाघाटावर फिरत असतं आणि समोर उभ्या असलेल्या शिक्षकाला ते दिसत नाही.

त्या दिवशी पहिली सहा मिनिटं खुणा चांगल्या होत्या. मग बाईंनी तोंडी उदाहरण घातलं. एका भाजीवाल्यानं २० किलो टोमॅटोचं क्रेट ४०० रुपयांना घेतलं, रिक्षा आणि हमालीला ४० रुपये गेले, २ किलो टोमॅटो खराब निघाले, उरलेले त्यानं ३० रुपये किलोनं विकले, तर नफा किती आणि तोटा किती? पुढच्या दोन खुणांमध्ये सहापैकी चार मुलं गेली. एक पेन्सिलीला टोक करू लागला, एक शेजारच्याच्या वहीत बघू लागली, दोघं फळ्याकडे नुसते बघत राहिले. बाईंना वाटलं मुलं कंटाळली. त्यांनी आवाज चढवला आणि तेच उदाहरण पुन्हा, जास्त भरभर, सांगितलं. आणखी एक मूल गेलं.

हा कंटाळा नव्हता. पाच आकडे आले : २०, ४००, ४०, २, ३०. मनात एका वेळी धरून ठेवण्याची माणसाची कुवत मोठेपणीही साधारण चार गोष्टींइतकीच असते, लहान मुलांची त्याहून कमी. शिवाय हे आकडे धरता धरता त्यांच्यातलं नातं लावायचं होतं. पाचवा आकडा कानावर पडला तेव्हा पहिला निसटलेला होता, आणि एकदा धागा तुटला की पुढचं ऐकण्यात मुलाला काही अर्थ दिसत नाही. ते मन काढून घेतं. बाहेरून हे दुर्लक्ष दिसतं, आत मात्र ओझं जास्त झालेलं असतं.

लक्ष जाण्याची कारणं ओळखताना मी पहिल्यांदा हीच दोन वेगळी करते : ओझं जास्त झालं, की काम कमी पडलं. दोन्हीकडे मूल खिडकीबाहेरच बघतं, पण वही वेगळं सांगते. ओझ्याखाली दबलेल्या मुलाची वही उदाहरणाच्या मध्येच थांबलेली असते, आणि चार वह्या बघितल्या तर त्या बहुतेक एकाच जागी थांबलेल्या असतात. काम कमी पडलेल्या मुलाचं उदाहरण पूर्ण असतं, खाली रेघ मारलेली असते आणि समासात विमान काढलेलं असतं. पहिल्याला तुकडे करून द्यायला हवेत, दुसऱ्याला पुढचं उदाहरण. दोघांनाही ‘लक्ष दे’ म्हणणं सारखंच निरुपयोगी.

तिसरं कारण शरीरातलं. झोप अपुरी झालेलं किंवा जेवलेलं नसलेलं मूल कुठल्या एका जागी थांबत नाही. ते सगळ्याच विषयांत, सगळ्याच तासांना ढेपाळलेलं असतं. फळ्यावरचं दिसत नसलेलं मूल डोळे बारीक करतं, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतं आणि तोंडी कामात मात्र अगदी तल्लख असतं. शासकीय आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, तेव्हा अशा मुलांची नावं आधीच काढून ठेवा, नाहीतर रांगेत ती निसटतात.

आणि एक कारण आवाजाचं, ज्याकडे गणिताचे शिक्षक कमी बघतात. आवाज दोन तऱ्हांनी लक्ष मोडतो. गणपतीच्या आधी नाशिकमध्ये ढोल पथकांचा सराव सुरू झाला की अचानक उठणारा ठेका अनैच्छिक लक्ष खेचून नेतो. त्याला इलाज थोडा. पण डोक्यावर घरघरणाऱ्या पंख्याची मुलांना सवय होते, तो कुणाचं लक्ष खेचत नाही, तरी तो तुमच्या बोलण्यातली व्यंजनं खाऊन टाकतो. मागच्या बाकाला ‘साठ’, ‘सात’ आणि ‘आठ’ सारखंच ऐकू येतं. अर्धवट ऐकलेलं जुळवत बसण्यात त्या मुलांचं ऐच्छिक लक्ष खर्ची पडतं आणि गणितासाठी उरत नाही. उद्या एक करा. पंखे चालू ठेवून, नेहमीच्या जागेवरून, नेहमीच्या आवाजात दहा संख्या सांगा, त्यांत साठ, सात, आठ, एकोणसाठ, एकोणसत्तर असू द्या, आणि शेवटच्या दोन रांगांच्या वह्या बघा. चुका तिथंच जमलेल्या दिसल्या तर दोष मुलांच्या अवधानाचा नाही. कुठला पंखा जास्त आवाज करतो ते शोधा, उदाहरणातले आकडे बोलण्याआधी फळ्यावर लिहा आणि तासातला थोडा वेळ मागच्या भिंतीपाशी उभं राहून शिकवा.

भिंतींबद्दलही थोडं. फिशर, गॉडविन आणि सेल्टमन यांनी २०१४ साली केलेल्या प्रयोगात बालवर्गातली मुलं चित्रांनी भरलेल्या खोलीत ३८.६ टक्के वेळ कामाबाहेर होती आणि मोकळ्या भिंतींच्या खोलीत २८.४ टक्के. तुमची मुलं मोठी आहेत, त्यांच्यावर इतका परिणाम होईलच असं नाही. तरी फळ्याच्या दोन्ही अंगांना हातभर जागा मोकळी ठेवायला काही खर्च येत नाही. तक्ते मागच्या भिंतीवर छान दिसतात.

आता तोच नफा-तोट्याचा पाठ, दुसऱ्या तुकडीत, बदलून घेतलेला.

मुलं सुट्टीहून आत येत असतानाच फळ्यावर एक ओळ लिहिलेली होती : ‘१८ × ३० किती? वहीच्या शेवटच्या पानावर लिहा.’ हजेरी नाही, ‘शांत बसा’ नाही. मैदानावरच्या भांडणातून मन काढून वर्गात आणायला मुलाला वेळ लागतो. अर्धवट राहिलेला खेळ डोक्यात चालूच असतो. अशा वेळी नवीन आशय सांगितला तर तो वाया जातो, पण जमेल असं छोटं काम दिलं तर मन त्याच्यामागे येतं. हे उत्तर पुढं उदाहरणात लागणार होतं, म्हणजे ओझ्यातला एक तुकडा आधीच उतरवून ठेवला होता.

तिसऱ्या मिनिटाला बाईंनी भाजीवाल्याची गोष्ट सुरू केली, पण आकडे न सांगता. त्यानं मार्केटमधून टोमॅटो आणले, रिक्षाला पैसे दिले, थोडे सडके निघाले, बाकीचे विकले. त्याला परवडलं असेल का? परवडलं वाटत असेल तर अंगठा वर, नाहीतर खाली. ५० हात वर-खाली झाले. नाशिकच्या मुलांना टोमॅटोचा भाव कधी चढतो आणि कधी पडतो हे घरात ऐकून माहीत असतं, त्यामुळे प्रत्येकानं बाजू घेतली. बाजू घेतलेल्या मुलाला आपण बरोबर होतो का हे जाणून घ्यायचं असतं. ऐच्छिक लक्षाचं आपसूक लक्षात रूपांतर इथं झालं.

मग फळ्यावर तीन चौकटी : खरेदी, वरखर्च, विक्री. एकेक आकडा योग्य चौकटीत, बोलण्याबरोबर लिहिला गेला. खरेदी ४००. वरखर्च ४०. विक्रीच्या चौकटीत २० मधून २ वजा, १८ गुणिले ३०, आणि हे उत्तर मुलांच्या शेवटच्या पानावर तयारच होतं, ५४०. आता मनात धरायला काही उरलं नाही, सगळं डोळ्यांसमोर होतं, आणि मोकळं झालेलं डोकं एकाच प्रश्नावर लागलं : कशातून काय वजा करायचं? ५४० वजा ४४०, नफा १००.

त्यानंतर दोन मिनिटं वहीत उतरवून घ्यायला दिली आणि त्या दोन मिनिटांत बाई एक शब्दही बोलल्या नाहीत. हे बहुतेकांना जमत नाही. मुलं लिहीत असतात आणि आपण समजावत राहतो. दोन कामांत लक्ष वाटता येतं ते त्यांतलं एक हाताला पूर्ण सवयीचं असेल तरच. सहावीतल्या बऱ्याच मुलांचं लिहिणं अजून तितकं सरसर नसतं. ती अक्षरं आणि आकडे नीट काढण्यात गुंतलेली असतात. तुमचं समजावणं त्यांच्या कानांवरून जातं किंवा त्यांचं लिहिणं चुकतं. लिहायचं तेव्हा लिहायचं, ऐकायचं तेव्हा पेन खाली.

मग विचारण्याची वेळ. ‘अमुक, तू सांग, हमाली कुठल्या बाजूला धरायची?’ असं विचारलं की नाव ऐकताक्षणी बाकीची ५७ मुलं सुटतात. आधी प्रश्न, मग थांबणं, मग नाव. थांबण्याचा अवधी महत्त्वाचा आहे. मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या वर्गांत मोजून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्नानंतर साधारण एक सेकंदच थांबतात. तो वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांब होतात आणि ‘येत नाही’ कमी होतं. तीन सेकंद वर्गासमोर फार लांब वाटतात. मनात सावकाश ‘एक, दोन, तीन’ मोजा. तोवर प्रत्येकाला नाव आपलंच येईल असं वाटत राहतं आणि तेवढा वेळ सगळा वर्ग काम करत असतो.

पंधराव्या मिनिटाच्या सुमारास उदाहरण तेच ठेवून एक आकडा बदलला : २ ऐवजी ५ किलो खराब निघाले. वहीच्या शेवटच्या पानावर उत्तर, वही छातीशी धरून दाखवायची. १५ किलो, ४५० रुपये, नफा १० रुपये. मग पुन्हा एक बदल : खराब २ किलोच, पण भाव पडून २४ झाला. आलेले पैसे ४३२, घातलेले ४४०, तोटा ८ रुपये. इथं काही वह्यांवर ‘नफा ३२’ दिसलं. म्हणजे हमाली विसरली. छातीशी धरलेल्या वह्यांचा हा फायदा : कोण कुठं निसटलं हे एका नजरेत कळतं आणि ते त्याच मिनिटाला दुरुस्त होतं, परीक्षेनंतर नाही. एकाच आकड्याचा बदल मी मुद्दाम सांगते. दर पाच मिनिटांनी नवं उदाहरण, नवी गोष्ट, नवा खेळ आणला तर लक्ष खेचलं जातं खरं, पण प्रत्येक वेळी ते वळवण्याची किंमत मोजावी लागते, आणि मागच्या कामाचा थोडा भाग डोक्यात लटकत राहतो. काम ओळखीचं ठेवून त्यातला एक धागा हलवला की नावीन्यही मिळतं आणि धागाही तुटत नाही. प्रशिक्षणांमध्ये ‘विविधता आणा’ एवढंच सांगतात, ते मला पुरेसं वाटत नाही.

ज्यांचं आधी झालं त्यांच्यासाठी फळ्याच्या कोपऱ्यात एक प्रश्न होता : ‘किती किलो खराब निघाले तर त्याला नफाही नाही, तोटाही नाही?’ ३० च्या भावानं ४४० ला पूर्ण किलोत उत्तर येत नाही, हे ज्या दोघा-तिघांना कळलं ती मुलं तासभर जागची हलली नाहीत.

शेवटच्या आठ मिनिटांत नवीन काही घेतलं नाही. लक्ष उडण्याच्या खेपा तिथं वाढतात हे वर सांगितलंच, आणि ‘गृहपाठ लिहून घ्या’ची घाईही तेव्हाच असते. गृहपाठ विसाव्या मिनिटालाच फळ्याच्या कडेला लिहून टाकला होता. शेवटी एक उदाहरण, प्रत्येकानं एकट्यानं, शांतपणे, आणि बाई बाकांमधून फिरत. माझ्या कागदावर त्या तासाला सहाजणांच्या खुणांत ‘दुसरीकडे’ अधूनमधून आलं, पण सलग दोनदा कुणाचंच आलं नाही. मुलं जात होती आणि परत येत होती. याहून जास्त अपेक्षा मीही ठेवत नाही.

काही मुलांवर हे सगळं चालणार नाही. घरी आणि शाळेत, सहा महिन्यांहून जास्त काळ, मूल बसूच शकत नाही, हातातलं काम पुरं करू शकत नाही असं दिसलं तर पालकांना बालरोगतज्ज्ञांकडे जायला सुचवा. निदानाचं नाव मात्र आपण घेऊ नये. आणि एखादं मूल बोलता-बोलता काही सेकंद एकटक होतं, हाक मारली, खांद्याला हात लावला तरी भानावर येत नाही आणि मग काही झालंच नाही असं पुढं सुरू करतं, दिवसातून पुन्हा पुन्हा, तर ते दिवास्वप्न समजून रागावू नका. तो फिटचा एक प्रकार असू शकतो आणि त्यावर औषध आहे. वेळ आणि किती सेकंद ते वहीत टिपून पालकांच्या हाती द्या, डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.

तुम्ही स्वतः शिकवत असताना सहा मुलांवर खुणा करणं जमणार नाही. मोकळा तास असलेल्या सहकारी शिक्षकाला एकदा मागे बसायला सांगा, बदल्यात तुम्ही त्यांच्या तासाला बसा. कागदावर तीन रकाने आणि मिनिटं, बस्स. ज्या मिनिटाला तीनपेक्षा जास्त मुलं एकदम गेली, त्या मिनिटाला तुम्ही काय बोलत होतात ते शेजारी लिहून घ्यायला सांगा. ते वाक्य सापडलं की पहिला बदल तिथंच करायचा, आणि आठवडाभर तेवढाच.